शिक्षेच्या मुद्द्यावर बोलताना या चुका टाळा

"साहेब, गरीब आहे, घरात एकटा कमावता आहे, दया दाखवावी." दोषी ठरवल्यावर न्यायालय शिक्षेबद्दल विचारतं, तेव्हा जळगाव-धुळ्याकडचे नवे वकील हे एकच वाक्य म्हणून खाली बसतात. याचा मला फार राग येतो, कारण आरोपीच्या हातातली शेवटची संधी तीच असते.

यावल भागातलं एक प्रकरण सांगतो. केळीच्या बागेच्या बांधावरून चुलतभावांत वाद झाला, काठी बसली आणि एकाचा हात मोडला. जुन्या दंड संहितेचं कलम ३२५, आताच्या भारतीय न्याय संहितेचं ११७(२). कमाल शिक्षा सात वर्षं, किमान काहीच नाही. मारणाऱ्यानेच जखमीला दवाखान्यात नेलं होतं, उपचाराचा खर्चही दिला होता. बाप बाहेर सांगत होता, "आमना पोऱ्या तसा नही शे." पण पावत्या वकिलाने मागितल्याच नाहीत. एक वर्षाची कैद झाली.

अपिलात आम्ही पावत्या आणि आधी शिक्षा झाली नसल्याचा दाखला जोडला, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला लावला. सरकारी बाजूचा भर मोडलेल्या हातावर होता. पण हाड मोडलं म्हणूनच तर हे कलम लागलं; तीच गोष्ट शिक्षा वाढवायला पुन्हा मोजता येत नाही. पाळत ठेवून मारलं, पडल्यावरही मारत राहिला, असं काही असतं तर गोष्ट वेगळी. शेवटी १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ खाली कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटका झाली, जखमीला भरपाईही मिळाली. जन्मठेपेच्या कलमांना मात्र हा रस्ता बंद आहे.

प्रोबेशन नाकारायचं तर विशेष कारणं नोंदवावी लागतात (नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०२). म्हणून मी निकालाआधीच पावत्या, दाखले आणि लेखी अर्ज तयार ठेवतो.

दुसरी चूक म्हणजे "या कलमाला किती लागते?" असं विचारत फिरणं. आपल्याकडे शिक्षेचा ठरलेला तक्ता नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं सुचवली होती. इंग्लंडमध्ये ती आहेत: आधी इजा आणि दोष किती ते पाहून सुरुवातीची शिक्षा ठरते, मग तीव्र आणि सौम्य करणाऱ्या बाबी बघून ती वर-खाली होते. मला तो क्रम आवडतो आणि युक्तिवाद मी त्याच क्रमाने करतो. ठोक आकडा मात्र नको. दवाखान्यात नेणारा आणि पळून जाणारा, दोघांना एकच माप लावणं अन्याय आहे.

प्रोबेशन मागताना एकवीस वर्षांखालच्या आरोपीचं वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरू नका. शिक्षेच्या दिवशीचं धरतात.

कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात. आदेशात ती वजावट लिहिली आहे का, हे कोर्टातून निघण्याआधी वाचून घ्या.