ऐनवेळच्या बदली तासासाठी कोणत्याही शिक्षकाला घेता येईल असा पाठ कसा तयार करावा

शिक्षक अचानक गैरहजर राहिले की त्यांच्या तासिकेला जो मोकळा असेल त्याला पाठवले जाते, आणि तो बहुधा दुसऱ्याच विषयाचा असतो. त्याच्या हातात वर्गात शिरण्याआधी फार तर दोन मिनिटे असतात. अशा वेळी उपयोगी पडणारा पाठ आधीच लिहून ठेवावा लागतो. तो कसा लिहावा हे मी इयत्ता सातवीच्या गणिताच्या ४० मिनिटांच्या तासिकेचे उदाहरण घेऊन सांगतो.

काय ठेवू नये, ते आधी ठरवा. अभ्यासक्रमातला पुढचा घटक ठेवू नये, कारण नवी संकल्पना अर्धवट समजलेल्या वर्गाला ती पुन्हा शिकवणे कोऱ्या पाटीवर शिकवण्यापेक्षा अवघड जाते. प्रोजेक्टरवरचा व्हिडिओ ठेवू नये, कारण यंत्र सुरू झाले नाही तर पाठच उरत नाही. ‘धडा वाचून स्वाध्याय सोडवा’ ही सूचना तर मुळीच लिहू नये. निम्मी मुले दहा मिनिटांत उत्तरे उतरवून मोकळी होतात आणि त्यानंतरची अर्धी तासिका बदली शिक्षकाला केवळ वर्ग गप्प बसवण्यात घालवावी लागते.

कृती अशी निवडा की तिला फक्त वही आणि फळा लागेल, सर्वांत कच्च्या मुलालाही सुरुवात करता येईल आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलांना स्वतःच तपासता येईल. मी ठेवतो ती कृती अशी: १ ते ३० यांपैकी कोणत्या संख्या दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांच्या बेरजेने मिळतात? उदाहरणार्थ, ९ = ४ + ५, आणि ९ = २ + ३ + ४ असेही लिहिता येते. बेरीज ज्याला येते त्याला हे करता येते, आणि हुशार मुलालाही ते लगेच संपत नाही.

आता खरी कसोटीची पायरी, म्हणजे सूचनापत्र लिहिणे. मला सर्वाधिक झगडावे लागले ते इथेच. कृती चांगली असूनही वर्ग हातातून जातो तो बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, जेव्हा एखादा मुलगा विचारतो, “सर, शून्य घेतलं तर चालेल का?” गणिताच्या शिक्षकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भाषेच्या शिक्षकाला काय उत्तर द्यावे हे कळत नाही. तो “चालेल” म्हणाला की १ = ० + १ होऊन १ ही संख्या यादीत येते. ऋण संख्याही चालतील असे कोणी ठरवले, तर २ = (−१) + ० + १ + २ अशा रीतीने प्रत्येकच संख्या जमू लागते आणि प्रश्नात शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मुले कोणत्या शंका विचारतील याचा आधी विचार करून त्यांचे निकाल सूचनापत्रावर स्पष्ट लिहावेत: शून्य चालणार नाही, ऋण संख्या व अपूर्णांक चालणार नाहीत, एकटी संख्या चालणार नाही, निदान दोन हव्यात, मधली संख्या गाळता येणार नाही, एकच संख्या दोनदा घेता येणार नाही. याला मी कृतीपेक्षाही अधिक महत्त्व देतो.

दुसरा धोका याहून लपलेला असतो. ‘जमते’ हे बेरीज करून कोणालाही तपासता येते, पण ‘जमत नाही’ हे बेरजेने तपासता येत नाही. मुले दोन-दोन आणि तीन-तीन संख्यांच्या बेरजा करून पाहतात आणि १०, १४, २०, २२, २६ व २८ या संख्यांपाशी हात टेकतात, कारण तिथे चार किंवा त्याहून अधिक संख्या घ्याव्या लागतात. त्या वेळी बदली शिक्षकाने “हो, २२ होत नाही” अशी मान डोलावली की चुकीचे उत्तर साऱ्या वर्गाच्या वहीत जाते. म्हणून पत्रावर ठळक लिहा: न जमणाऱ्या संख्या फक्त १, २, ४, ८ आणि १६. बाकी सर्व जमतात. त्याखाली अडणाऱ्या संख्यांची उत्तरे द्या:

१० = १ + २ + ३ + ४
१४ = २ + ३ + ४ + ५
२० = २ + ३ + ४ + ५ + ६
२२ = ४ + ५ + ६ + ७
२६ = ५ + ६ + ७ + ८
२८ = १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७

ही उत्तरे शिक्षकासाठी आहेत, मुलांना सांगण्यासाठी नाहीत, हेही तिथेच लिहावे. मुलांना द्यायचा इशारा वेगळा आणि बोलायच्या वाक्यात लिहावा: “चार संख्या घेऊन पाहिल्या का?” सगळ्याच सूचना अशा, जशाच्या तशा उच्चारता येतील अशा लिहाव्यात. ‘क्रमागत संख्यांची संकल्पना स्पष्ट करावी’ हे वाक्य बदली शिक्षकाच्या काहीच कामाचे नाही. “एकापाठोपाठ एक येणाऱ्या संख्या, जसे ४, ५, ६” हे वाक्य तो वाचून दाखवू शकतो.

वेळेची वाटणी समासात लिहा: ५ मिनिटे सूचना, १० मिनिटे एकट्याने, १५ मिनिटे जोडीने, ७ मिनिटे फळ्यावर, ३ मिनिटे वह्या गोळा करणे. फळ्यावर १ ते ३० लिहून एकेका मुलाने पुढे येऊन बेरीज मांडावी आणि वर्गाने ती तपासावी. लवकर संपवणाऱ्यांसाठी एकच प्रश्न पुरतो: ४५ ही संख्या पाच प्रकारे लिहा. त्याची उत्तरेही पत्रावर असावीत: २२ + २३, १४ + १५ + १६, ७ ते ११, ५ ते १०, आणि १ ते ९.

पत्र तयार झाले की ते गणित न शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्या, एकदा वाचू द्या आणि वर्गात काय बोलाल ते म्हणून दाखवायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. त्यांनी तुम्हाला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर पत्रावर नव्हते असे समजून ते लगेच लिहा. सारे एका पानाच्या एका बाजूवर बसले पाहिजे. वर्गासमोर उभे राहून पान उलटत माहिती शोधायला कोणाला वेळ नसतो.

पत्र, हजेरीची यादी आणि बैठकव्यवस्था एका फाइलमध्ये घालून ती शिक्षकखोलीत, सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

परत आल्यावर पुढच्याच तासिकेत त्या वह्या उघडा आणि निदान दहा मिनिटे त्यावर बोला. १ सोडून बाकीच्या विषम संख्या दोन क्रमागत संख्यांनी का मिळतात, आणि राहिलेल्या पाच संख्यांत साम्य काय, हे विचारा. दोन क्रमागत संख्यांत एक सम व एक विषम असते, म्हणून बेरीज विषमच येते, हे मुले स्वतः सांगतात. उरलेल्या संख्या प्रत्येक वेळी दुप्पट होत जातात, हेही कोणाच्या तरी लक्षात येते. हे पुढचे बोलणे बदली शिक्षकावर टाकू नका; त्याला विषय ठाऊक असावा लागतो. वह्या न पाहता तुम्ही पुढे गेलात, तर बदली तासाचे काम कोणी पाहत नाही हे मुलांना कळते आणि पुढच्या वेळी तेच पत्र कितीही चांगले असले तरी चालत नाही.

एकदा वापरलेली कृती त्याच वर्गाला पुन्हा देता येत नाही, म्हणून फाइल रिकामी झाली त्याच आठवड्यात दुसरे पत्र लिहून, सहकाऱ्याकडून तपासून तिथे ठेवा.