अटकपूर्व जामीन की रेग्युलर जामीन : एफआयआर झाल्यावर काय, कधी, कसं करायचं

आपण एक उदाहरण घेऊ. पुण्यात दोघांचा भागीदारीत धंदा होता, हिशोबावरून बिनसलं, आणि एकाने दुसऱ्यावर १२ लाखांच्या फसवणुकीची एफआयआर केली. कलम लागलं भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे अजामीनपात्र, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. अजून अटक नाही, पण पोलिसांचा फोन आलाय, उद्या स्टेशनला या.

पहिलं काम एफआयआरची कॉपी काढा. बहुतेक एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर मिळते, संवेदनशील गुन्हे सोडून. कलम बघा. सगळी कलमं जामीनपात्र असतील तर अटकपूर्व जामिनाची गरजच नाही, तिथे जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र असेल तरच पुढचं वाचा.

दुसरं, पोलिसांनी नुसता फोन केलाय की लेखी नोटीस दिलीय ते बघा. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात कलम ३५(३) ची नोटीस असते (जुनं ४१ए). ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, पोलिसांना कारणं लिहावी लागतात. नोटीस आली असेल आणि तुम्ही वेळेवर हजर राहून सहकार्य करत असाल तर सहसा अटक करत नाहीत, पण कारण लिहून करू शकतात, म्हणून नोटीस हातात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आता अर्ज. अटकपूर्व जामीन म्हणजे बीएनएसएसचं कलम ४८२, आणि तो मॅजिस्ट्रेटकडे मिळतच नाही, सेशन कोर्ट किंवा हायकोर्टातच. आपल्या उदाहरणात शिवाजीनगरच्या सेशन कोर्टात. हेतू एवढाच की ज्या माणसाला आत टाकायची गरज नाही त्याची अटकेची नाचक्की आणि कोठडी टळावी. एफआयआर व्हायच्या आधीही अर्ज करता येतो, पण 'मला भीती वाटते' एवढ्याने भागत नाही, अटक होईल असं मानायला ठोस कारण दाखवावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये गुरबक्षसिंग सिब्बिया केसमध्येच सांगून ठेवलंय.

अर्जासोबत वकीलपत्र, अफिडेविट, एफआयआर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद. इथे भागीदारीचा करार, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशोब लावा, कारण पैसे धंद्यातच गेले आणि सुरुवातीपासून फसवायचा इरादा नव्हता हे कागदांतूनच दिसतं. आधीचा गुन्हा असेल किंवा आधी अर्ज फेटाळला असेल तर तो लपवू नका, सरकारी वकील काढतातच आणि मग कोर्टाचा विश्वास उडतो. पहिल्याच तारखेला अंतरिम संरक्षण मागा, कारण तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत वेळ जातो आणि नुसता अर्ज पेंडिंग आहे म्हणून पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. हे लोकांना माहीतच नसतं!

अर्ज मंजूर झाला की ऑर्डर अशी असते की अटक झाली तर अमुक रकमेच्या जातमुचलक्यावर आणि जामीनदारावर सोडा. अटी साधारण अशा : बोलावलं की चौकशीला हजर राहायचं, साक्षीदारांना धमकी किंवा आमिष नाही, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, कधी ठराविक वारी हजेरी, कधी पासपोर्ट जमा. हजेरी चुकवली तर पोलीस जामीन रद्द करायला अर्ज करतात, म्हणून प्रत्येक हजेरीची सही, तारीख, वेळ नोंदून ठेवा. मुदत साधारणपणे नसते, खटला संपेपर्यंत संरक्षण टिकू शकतं, हे २०२० च्या सुशीला अग्रवाल निकालात पाच न्यायाधीशांनी स्पष्ट केलंय. पण ते त्याच गुन्ह्यापुरतं, उद्या दुसरा गुन्हा केला तर ही ऑर्डर कामाची नाही.

समजा अर्जाआधीच उचललं. मग अटकपूर्वचा विषय संपला, आता रेग्युलर. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, पोलीस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागतात, आणि पीसीआर संपून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की बहुतेक वकील जामिनाचा अर्ज टाकतात. आधी मॅजिस्ट्रेटकडे कलम ४८०, नाही मिळाला तर सेशन किंवा हायकोर्टात ४८३. इथे प्रश्न बदलतो. अटकपूर्वला कोर्ट विचारतं, कोठडीत घेऊन चौकशी खरंच लागते का? रेग्युलरला विचारतं की चौकशी झाली, आता याला आत ठेवून काय साधणार, पळून जाईल का, पुरावे बिघडवेल का. म्हणून आपल्या भागीदाराच्या रेग्युलर अर्जात पुण्यातलं घर, कुटुंब, जप्त झालेल्या वह्या आणि मोबाईल यावर भर द्यायचा, म्हणजे बिघडवायला काही उरलंच नाही हे दिसतं. ऑर्डर झाल्यावरही जामीनदाराची कागदपत्रं पास झाल्याशिवाय तुरुंगातून सुटका नाही, तेव्हा त्याचा सातबारा किंवा ऐपत दाखला, आधार, रेशनकार्ड आधीच तयार ठेवा, वेळ लागणार असेल तर तात्पुरता कॅश जामीन मागा.

एक मात्र लक्षात ठेवा, अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच बंदी आहे, प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तरच वाट उघडते. आणि आधी मिळालेला जामीन असताना तपासात जास्त गंभीर अजामीनपात्र कलम वाढलं तर त्याच दिवशी वकिलाला गाठा, त्या कलमासाठी पुन्हा अर्ज लागू शकतो.