रहाडीला येणार का? नववीच्या रिपोर्टेड स्पीचची तयारी

मुलांच्याच गप्पा वर्गात रेकॉर्ड करून त्यावरून डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवायचं ठरवलं, तर रेकॉर्डिंगला स्वतःला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधीच्या तयारीत. पहिल्या वर्षी मी काहीच तयारी न करता सरळ मोबाईल पुढे धरला होता. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, मागच्या रांगेतलं खिदळणं आणि अगदी ऐन वाक्यात आलेला गॅस सिलेंडरवाल्याचा फोन. तेव्हापासून ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर असते.

सगळ्यात आधी परवानगी. मुख्याध्यापकांना स्टाफरूममध्ये तोंडी सांगून भागत नाही, अर्ध्या पानाचा अर्ज द्यावा. पालकांसाठी मुलांच्या डायरीत चार ओळी लिहून सही मागवावी: फक्त आवाज, व्हिडिओ नाही, वर्गाबाहेर कुणाला ऐकवणार नाही, ग्रुपवर टाकणार नाही, धडा संपला की पुसून टाकणार. सही आली नाही त्या मुलाला बाजूला बसवायचं कारण नाही. तो बोलणाऱ्यांत नसतो, पण ऐकून लिहिणाऱ्यांत असतोच, आणि खरं काम तिथेच आहे.

मग एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवावी, आपली मुलं नेमकी कुठे अडखळतात ते कागदावर मांडायला. मराठीत आपण म्हणतो, ‘आई म्हणाली की मी उद्या येते.’ स्वल्पविरामाच्या जागी ‘की’ आला, बाकी सगळं जागच्या जागी. ‘मी’ तसाच, ‘येते’ तसंच, ‘उद्या’ तसाच. मराठीला हे पूर्ण मान्य आहे. म्हणून मूल बिनदिक्कत लिहितं, ‘शी सेड दॅट आय ॲम कमिंग टुमारो.’ हा निष्काळजीपणा नाही, त्याने आपल्या भाषेचा नियम चोख पाळलेला असतो. तेच प्रश्नाचं. ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस’ यातला ‘की’ इंग्रजीत उतरतो आणि ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ तयार होतं. आज्ञेच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या बाजूने उभी राहते. ‘बाईंनी मला बसायला सांगितलं’ यातलं ‘बसायला’ म्हणजे थेट ‘टु सिट’. त्यामुळे मी गाईडचा क्रम उलटा करतो. आधी आज्ञा, मग प्रश्न आणि साधी विधानं सगळ्यात शेवटी, कारण ‘मी’ आणि काळ यांचा खरा घोळ विधानांतच होतो.

आता चिठ्ठ्या. संवाद लिहून द्यायचा नाही. पाठ केलेला संवाद मुलं पाठ केल्यासारखाच बोलतात आणि मग रेकॉर्ड करण्यात काही हशील उरत नाही. चिठ्ठीवर फक्त गरज लिहायची. उदाहरणार्थ, ‘तो उद्या येणार आहे का ते काढून घे. येणार नसेल तर का नाही? त्याला एक गोष्ट करायला सांग, एक करू नको म्हणून सांग.’ विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं पाहिजे, एवढी एकच अट. चार ते सहा वाक्यं, वीस-पंचवीस सेकंद. त्याहून लांब गेलं तर फळ्यावर मावत नाही. पहिल्या जोडीत एक मुलगी आणि एक मुलगा घ्यावा. ‘ही’ आणि ‘शी’ वेगळे पडले की कोण कुणाला म्हणालं ते ऐकतानाच कळतं. दोन मुलांची जोडी दुसऱ्या दिवशी, कारण ‘ही टोल्ड हिम दॅट ही’ असं झालं की कुठला ‘ही’ कोणाचा यावरून वर्गात भांडणं लागतात. (लागू द्यावीत, पण दुसऱ्या दिवशी.)

रेकॉर्डिंगच्या दिवशी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. ते गॅस सिलेंडरचं प्रकरण पुन्हा नको. फोन पहिल्या बाकावर कंपासपेटीला टेकवून उभा करायचा, बोलणाऱ्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. हातात धरला की बोटांची खरखर येते. तेवढा एक मिनिट पंखे बंद, रस्त्याकडची खिडकी लावलेली. बाकीच्या मुलांना वह्या मिटायला लावून सांगायचं, ‘नंतर हे मला तुमच्या शब्दांत सांगायचंय.’ त्यांना काम मिळालं की खिदळणं बरंच कमी होतं. फाइलला लगेच नाव द्यावं, 01_rahad.m4a असं काहीतरी, आणि वहीत वार, तारीख आणि जागा लिहून ठेवावी. ही वाराची नोंद विसरलात तर अर्धा धडा गेला. कसा, ते गेल्या मार्चमधल्या क्लिपवरून सांगतो.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशीची ती क्लिप. आपल्याकडे रंगपंचमी म्हणजे जुन्या नाशकातल्या रहाडी, रंगीत पाण्याने भरलेले जमिनीतले हौद, आणि रहाडीत धप्पा मारायला कोण येणार हा त्या दिवशी वर्गातला एकमेव विषय. मुलीने विचारलं, ‘आर यू कमिंग टु द रहाड टुमारो?’ मुलगा म्हणाला, ‘नो. माय मदर हॅज हिडन माय ओल्ड क्लोद्स.’ वर्ग हसला, तेही रेकॉर्ड झालं. मुलगी, ‘डोन्ट टेल हर. टेक माय ब्रदर्स टी-शर्ट.’ मुलगा, ‘व्हेअर विल वी मीट?’ मुलगी, ‘निअर निमाणी.’ बावीस सेकंद. रहाडीला इंग्रजी शब्द शोधत बसलो नाही, रहाड ती रहाडच.

ही क्लिप रंगपंचमीची सुट्टी झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी ऐकवली. फळ्यावर आधी तीनच रकाने: कोण म्हणालं, कुणाला, कधी. हे भरल्याशिवाय खडू पुढे सरकवायचा नाही. आज्ञा पहिल्या घेतल्या. ‘शी टोल्ड हिम नॉट टु टेल हर.’ व्याकरणात चूक नाही, पण मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हर म्हणजे कोण? ती स्वतः?’ पुस्तकातल्या सुट्या वाक्यात हा प्रश्न कुणीच विचारत नाही. इथे सगळ्यांना माहीत होतं की ती त्याची आई, म्हणून वाक्य झालं, ‘शी टोल्ड हिम नॉट टु टेल हिज मदर.’ पुढे ‘माय ब्रदर्स’चं ‘हर ब्रदर्स’, कारण भाऊ तिचा. इथे एकानेही ‘माय’ ठेवला नाही. टी-शर्ट कुणाच्या भावाचा ते वर्गाला ठाऊक होतं.

मग प्रश्न. हो-नाहीच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘येणार का असं विचारलं’ मधला ‘का’ दाखवला की हे पटकन बसतं. ‘शी आस्क्ड हिम इफ ही वॉज कमिंग.’ दुसऱ्या प्रश्नात निम्म्या वह्यांत ‘व्हेअर वुड दे मीट’ होतं. शब्दांचा क्रम उलटाच राहिला होता. यावर मी नियम सांगत नाही. वाक्य मोठ्याने वाचायला लावतो आणि विचारतो, आता कुणी प्रश्न विचारतंय का? नाही, आपण बातमी सांगतोय. मग बातमीचा क्रम, आधी कर्ता: ‘ही आस्क्ड हर व्हेअर दे वुड मीट.’ प्रश्नचिन्हही गेलं.

विधानात ‘हॅज हिडन’चं ‘हॅड हिडन’ झालं. नुसतं ‘नो’ कसं सांगायचं, हा प्रश्न गाईडमध्ये फारसा येत नाही, खऱ्या बोलण्यात मात्र दर वाक्याला येतो. ‘ही सेड दॅट ही वॉज नॉट’ म्हणजे येणार नव्हता, एवढंच. ‘निअर निमाणी’ हे तर अर्धंच वाक्य. आधी ते डायरेक्टमध्ये पूर्ण करून घ्यायचं, ‘वी विल मीट निअर निमाणी’, मग इनडायरेक्ट. तुटकी वाक्यं आधी जोडून घ्यावी लागतात हे लक्षात ठेवून तासाची दहा मिनिटं त्यासाठी मोकळी सोडावीत. मी सोडली नव्हती, आणि घंटा झाली.

राहिला ‘टुमारो’. सगळ्यांनी पाठ केल्याप्रमाणे ‘द नेक्स्ट डे’ लिहिलं, एकाने लिहिलं ‘यस्टर्डे’. वर्ग हसला, पण त्याने हिशेब केला होता: बोलणं परवाचं, त्यांचा ‘उद्या’ म्हणजे आपला काल. हिशेब अचूक होता. अडचण एवढीच की ते वाक्य वाचणाऱ्याला काल विचारलं असंही वाटू शकतं, म्हणून ‘द नेक्स्ट डे’ सुरक्षित. आणि हीच क्लिप त्याच दुपारी ऐकवली असती तर ‘टुमारो’ तसाच ठेवला तरी चाललं असतं, कारण उद्या अजून उजाडलेला नव्हता. म्हणून वाराची नोंद हवी. ‘हिअर’चंही असंच. वर्गात बोललेलं वर्गातच सांगताना ‘हिअर’चं ‘देअर’ करायची गरज नसते. परीक्षेत मात्र संदर्भ दिलेला नसतो, तिथे नेहमीचा बदल करायचा, हे स्पष्ट सांगून टाकावं. नाहीतर हुशार मुलं तिथेही वाद घालतात आणि गुण घालवतात.

क्लिपमधून न मिळणारी दोन-तीन वाक्यं वेगळी काढून ठेवावीत. ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते’ अशा कायम खऱ्या असणाऱ्या वाक्यात काळ बदलावा लागत नाही. मुलं अशी वाक्यं गप्पांत बोलत नाहीत, तेव्हा ती आपण द्यायची. ‘किती छान!’ या धाटणीची उद्गारवाचक वाक्यंही ओढूनताणून रेकॉर्ड करू नयेत. नववीची मुलं भारावली की मराठीतच भारावतात.

शेवटी पिशवी. आदल्या रात्री चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर हवा, कारण फोनचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. शाळेत वीज गेली तरी तो चालतो. क्लिप आपण स्वतः उतरवून काढलेल्या कागदाच्या दोन झेरॉक्स हव्यात. वर्गात ऐकून ऐकून लिहायला लागलो तर पाच वाक्यांना पंधरा मिनिटं जातात. एक रंगीत खडू, फक्त बदललेल्या शब्दांसाठी. क्लिप तीन वेळा ऐकवायची: एकदा नुसती, एकदा वाक्यावाक्याला थांबून, आणि सगळं इनडायरेक्ट लिहून झाल्यावर एकदा ताळा करायला. वह्या तपासताना चुकांपुढे नुसती फुली न मारता ‘मी’, ‘काळ’, ‘की’, ‘क्रम’ यांपैकी एक शब्द लिहावा. पुढच्या तासाला कुठल्या शब्दाची गर्दी जास्त आहे ते मोजलं की कुठून सुरुवात करायची ते कळतं. गेल्या वर्षी ‘क्रम’ सगळ्यांत पुढे होता, ‘मी’ जवळजवळ संपला होता.

मग फाइल मुलांसमोरच पुसायची, रिसायकल बिनमधूनही. पुसायच्या आधी एका मुलीने विचारलं, ‘पण सर, तो गेला होता का?’ मी म्हटलं, हे इनडायरेक्टमध्ये सांग. ती लगेच म्हणाली, ‘आय आस्क्ड सर इफ ही हॅड गॉन.’ तो गेला होता. टी-शर्ट मात्र स्वतःचाच होता, आईनेच काढून दिलेला.