जायरो आणि चाकांची नोंद जोडून रोबोटची दिशा कशी सांभाळावी

दोन चाकांचा छोटा रोबोट फरशीवर चौकोनात फिरवला की पहिली चूक अंतराची दिसत नाही, दिशेची दिसते. चार वळणं झाली, रोबोट सुरुवातीच्या खुणेशी परत आला असं त्याला वाटतं, पण प्रत्यक्षात तो वीतभर बाजूला कोपऱ्याकडे तोंड करून उभा असतो. म्हणून इथे फक्त दिशेचंच बघू. उदाहरणाला ६५ मिमी व्यासाची चाकं, चाक किती फिरलं ते मोजणारे, एका फेऱ्याला १३२० टिक देणारे एन्कोडर आणि एमपीयू-६०५० हा स्वस्त सेन्सर घेतला आहे. वळण्याचा वेग मोजणारा जायरो या सेन्सरमध्येच असतो. त्यातला प्रवेग मोजणारा अॅक्सेलरोमीटर बाजूला ठेवा. सपाट जमिनीवर रोबोट स्वतःभोवती फिरला तरी गुरुत्वाची दिशा बदलत नाही, त्यामुळे या कामात त्याचा काही उपयोग नाही.

पहिली पायरी: जायरोचा बायस

जायरो स्थिर असतानाही शून्य दाखवत नाही. हा जो कायमचा फरक असतो, तो बायस. रोबोट चालू करून पाचेक मिनिटं तसाच राहू द्या, कारण चिप तापताना बायस सरकतो. मग हात न लावता सेकंदाला १०० या वेगाने २००० नोंदी घ्या आणि त्यांची सरासरी काढा. समजा, सरासरी -१८३ आली. ±२५० अंश प्रतिसेकंद या रेंजमध्ये १३१ आकडे म्हणजे सेकंदाला १ अंश, म्हणजे बायस -१.४ अंश प्रतिसेकंद. किरकोळ वाटतो ना? पण मिनिटभरात ८४ अंश होतात. रोबोट जागचा हललेला नाही आणि जायरोच्या हिशेबाने त्याने जवळपास काटकोनात वळण घेतलंय!

सरासरीबरोबर प्रमाण विचलनही काढा. शांत टेबलावर ते साधारण ५ ते १० आकड्यांत राहतं. एकदा माझं ते ४० च्या वर गेलं आणि मी अर्धा तास वायरिंग तपासत बसलो. त्याच टेबलावर शेजारचा माणूस गुडघा हलवत बसला होता. विचलन असं वाढलं तर ती मोजणी सरळ टाकून द्या.

दुसरी पायरी: जायरोचं प्रमाण

बायस वजा केला तरी १३१ हा आकडा तुमच्या चिपसाठी नेमका असेलच असं नाही, तो तीनेक टक्क्यांनी चुकू शकतो. रोबोटची एक कड फरशीच्या रेषेशी जुळवा, हाताने डावीकडे १० पूर्ण फेऱ्या द्या आणि पुन्हा त्याच रेषेशी आणा. मग तेच उजवीकडे करा. माझ्या नोंदीत डावीकडे +३५४६ आणि उजवीकडे -३५५८ अंश आले, खरे ३६०० हवेत. दोन्हींची चिन्हं सोडून सरासरी ३५५२, म्हणून गुणक ३६००/३५५२ = १.०१३५. दोन आकडे सारखे का नाहीत? कारण थोडा बायस अजून उरलाय. तो एका बाजूला भर घालतो, दुसरीकडे वजा करतो. एकाच दिशेने फिरवून मोजलं असतं, तर हा उरलेला बायस गुणकात मिसळून गेला असता आणि कळलाही नसता.

तिसरी पायरी: चाकांमधलं खरं अंतर

चाकांवरून वळण काढायचं सूत्र सोपं आहे: उजव्या चाकाचं अंतर वजा डाव्याचं, भागिले दोन चाकांमधलं अंतर. टेपने मी ते १६० मिमी मोजलं. पण टायर रुंद असतो आणि जमिनीला तो नेमका कुठे टेकतो ते टेपला कळत नाही. म्हणून आधी रोबोट ३ मीटर सरळ चालवून दोन्ही चाकांचे व्यास दुरुस्त करा, मग मोटरने त्याला जागच्या जागी १० फेऱ्या द्या. चाकांचा हिशेब ३७४४ अंश सांगत असेल, तर कामाचं अंतर १६० × ३७४४/३६०० = १६६.४ मिमी. ही चाचणी ज्या फरशीवर रोबोट चालणार तिथेच करा, सतरंजीवर वेगळा आकडा येतो.

चौथी पायरी: कालमन फिल्टर

कालमन फिल्टर म्हणजे आधीचा अंदाज आणि नवं मोजमाप ज्याच्या-त्याच्या भरवशाच्या प्रमाणात जोडणारा हिशेब. इथे बहुतेकांची एक चूक होते. चाकांवरून काढलेली एकूण दिशा ते फिल्टरला मोजमाप म्हणून देतात. पण त्या दिशेत चाकांच्या मागच्या सगळ्या घसरणी साठलेल्या असतात. फिल्टर प्रत्येक मोजमापाची चूक स्वतंत्र धरतो, त्यामुळे तीच जुनी चूक सेकंदाला शंभरदा ऐकून तिच्यावर त्याचा पक्का विश्वास बसतो. म्हणून दिशा नको, वळण्याचा वेग द्या.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा: दिशा जायरोवरून काढायची आणि चाकांचा उपयोग फक्त जायरोचा सरकता बायस ओळखण्यासाठी करायचा. जायरोचा वेग वजा चाकांचा वेग, हेच बायसचं मोजमाप.

```python
b, P, theta = -1.4, 0.05, 0.0
Q = 1.7e-5

def step(gyro, wheel, still, dt):
    global b, P, theta
    P += Q * dt
    R = 0.01 if still else 10.0
    y = (gyro - wheel) - b
    S = P + R
    if abs(wheel) < 20 and y*y < 9*S:
        K = P / S
        b += K * y
        P *= 1 - K
    theta += (gyro - b) * dt
```

इथे `b` म्हणजे बायसचा अंदाज, `P` म्हणजे त्या अंदाजाची अनिश्चितता, `R` म्हणजे मोजमापाची अनिश्चितता, `y` म्हणजे मोजमाप आणि अंदाज यांतला फरक आणि `theta` म्हणजे दिशा. `wheel` हा चाकांवरून काढलेला वळण्याचा वेग आणि `still` म्हणजे रोबोट थांबलेला आहे का. `gyro` मध्ये दुसऱ्या पायरीचा गुणक आधीच लावलेला आहे आणि सगळं अंशांत आहे. `Q` चा अर्थ असा की दहा मिनिटांत बायस साधारण ०.१ अंश प्रतिसेकंद सरकेल: ०.१ चा वर्ग ०.०१, भागिले ६०० सेकंद. `R` मोठा का, ते एन्कोडर सांगतो. एक टिक म्हणजे ०.१५५ मिमी, म्हणजे ०.०५३ अंशाचं वळण. ते ०.०१ सेकंदात झालं की वेग ५.३ अंश प्रतिसेकंद दिसतो! इतक्या जाड पायऱ्यांवर दर वेळी विश्वास ठेवता येत नाही. उलट रोबोट थांबलेला असताना चाकांचा शून्य अगदी खरा असतो, म्हणून तिथे `R` लहान. या आकड्यांनी थांबल्यावर बायस दोन-तीन सेकंदांत सुधारतो, चालताना मिनिटाहून जास्त लागतो. म्हणून रोबोटला मधेमधे तीन सेकंद उभं करणं फायद्याचं ठरतं.

जोराच्या वळणात, सेकंदाला २० अंशांच्या वर, बायस शिकायचा नाही. चाकांमधल्या अंतरात २ टक्के चूक उरली असेल, तर ९० अंशांच्या वेगाला १.८ अंशांचा खोटा बायस तयार होतो. `y*y < 9*S` ही अट दुसरी राखण. रोबोट हाताने उचलून फिरवला, तर चाकं शून्य सांगतात आणि जायरो ५० सांगतो. ते मोजमाप तिथेच अडतं.

या राखणीचा तोटाही आहे. सुरुवातीचा बायस फार चुकीचा आणि `P` फार लहान दिला, तर थांबलेला असताना फिल्टर खरी मोजमापंही बराच वेळ नाकारत राहतो. `y` ची फाइल लिहून आलेख काढा. थांबलेल्या वेळेत `y` शून्याभोवती घुटमळत असेल तर ठीक, एका बाजूला सपाट रेषेत अडकला असेल तर `P` वाढवा. चालताना आणि वळताना `y` वळणाच्या दुप्पट दिसू लागला, तर जायरो उलटा बसलाय. चिन्ह बदला.

पाचवी पायरी: चौकोनाची परीक्षा

मिशिगन विद्यापीठात बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी नव्वदच्या दशकात वापरलेली चाचणी आजही पुरते: ४ मीटर बाजूचा चौकोन, पाचदा घड्याळाच्या दिशेने, पाचदा उलट. रोबोट म्हणतो ती जागा आणि खडूने खूण केलेली खरी जागा यांतला फरक प्रत्येक वेळी लिहा. दोन दिशांचे ठिपके फरशीवर दोन वेगळ्या पुंजक्यांत पडले, तर गुणक किंवा चाकांचे आकडे अजून चुकलेत, मागे जा. सगळे एकाच ठिकाणाभोवती विस्कटलेले असतील, तर उरलेली चूक घसरणीची आहे आणि फिल्टरचे आकडे फिरवून ती जाणार नाही.