परीक्षेच्या गुणांचा गोषवारा मुख्याध्यापकांना एका पानात कसा द्यावा

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात परीक्षेचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच वर्षी सत्र परीक्षेनंतर मी सगळ्या तुकड्यांच्या गुणांचे सतरा कागद टाचून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "हें सगळें कोण वाचतलो?" प्रश्न बरोबर होता. त्यांना हवं होतं ते एवढंच: कुठल्या इयत्तेत, कुठल्या तुकडीत, कुठल्या विषयात मुलं अडकली आहेत, आणि सोमवारी कुणाला बोलावून बोलायचं. ते एक पान कसं तयार करायचं, ते इथे सांगतो. काम गूगल शीट्समध्ये करतो. आकडे आमच्या नववीचे आहेत, पण मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे बदलले आहेत.

आधी गुण एकाखाली एक लिहा

वर्गशिक्षक गुणपत्रक देतात ते आडवं असतं: डावीकडे मुलांची नावं, वर विषय. वाचायला ते सोपं, मोजायला त्रासाचं. मी `Marks` नावाच्या शीटमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाला एक ओळ देतो. `A` मध्ये इयत्ता, `B` मध्ये तुकडी, `C` मध्ये हजेरी क्रमांक, `D` मध्ये विषय, `E` मध्ये मिळालेले गुण आणि `F` मध्ये पेपर किती गुणांचा होता ते. नाव लिहीत नाही. हजेरी क्रमांक पुरतो, आणि कागद स्टाफरूमभर फिरला तरी कुणा मुलाची लाज निघत नाही.

ओळी खूप होतात, हे खरं. नववीच्या तीन तुकड्या, 108 मुलं, प्रत्येकी सात विषय म्हणजे 756 ओळी. पण प्रत्येक शिक्षकाकडून विषयवार यादी घेऊन खाली खाली चिकटवत गेलं की अर्ध्या दिवसात होतं.

इथे तीन चुका हमखास होतात. गैरहजर मुलाला शून्य दिलं जातं, म्हणजे तो नापासांत मोजला जातो. गैरहजर असेल तर `AB` लिहा. शून्य फक्त पेपर देऊन शून्य मिळालेल्याला. दुसरी चूक विषयाच्या नावाची: एकाने "गणित" लिहिलं, दुसऱ्याने "गणित " असं शेवटी मोकळी जागा सोडून, की शीटच्या हिशेबी ते दोन वेगळे विषय. बाजूला कुठेतरी हे सूत्र टाका, म्हणजे विषयांची यादी दिसेल. असायला हवीत त्यापेक्षा जास्त नावं आली की कुठे घोळ आहे ते लगेच कळतं:

```
=UNIQUE(Marks!D2:D)
```

तिसरी चूक म्हणजे गुण अंक म्हणून न पडता मजकूर म्हणून पडणं. असा आकडा रकान्यात डावीकडे चिकटलेला दिसतो, खरा अंक उजवीकडे. एखादा 54 डावीकडे दिसला तर तो पुन्हा टाइप करा, नाहीतर ते मूल शीटला गैरहजर वाटेल.

उत्तीर्णतेची रेषा आधी ठरवा, मग मोजा

आमच्याकडे उत्तीर्णतेसाठी 33 टक्के धरतात. ऐकायला सरळ, पण 80 गुणांच्या पेपरचे 33 टक्के म्हणजे 26.4. मग 26 गुणांचं मूल पास की नापास? आमच्या नववी ब मध्ये गणिताला नेमकी तीन मुलं 26 वर होती. वर्गशिक्षकांनी त्यांना पास धरलं होतं, माझ्या शीटने नापास. 35 जणांनी पेपर दिला होता. 27 ची रेषा धरली तर 22 पास, म्हणजे 62.9 टक्के. 26 ची धरली तर 25 पास, म्हणजे 71.4 टक्के. एका गुणाने साडेआठ टक्क्यांचा फरक पडतो.

म्हणून हे परीक्षा समितीकडून आधी ठरवून घ्या आणि सगळ्या तुकड्यांना एकच रेषा लावा. आम्ही वरचा पूर्ण अंक धरतो. `G` मध्ये पास असेल तर 1, नापास असेल तर 0, गैरहजर असेल तर रिकामं:

```
=IF(ISNUMBER(E2),IF(E2>=ROUNDUP(F2*0.33,0),1,0),"")
```

तुमच्या शाळेचा नियम वेगळा असेल तर `0.33` बदला. ग्रेस गुण देणार असाल तर ते या शीटमध्ये आणू नका. निकालपत्रकात ते हवेतच, पण मूल कुठे कच्चं आहे ते ग्रेसच्या आधीच्या गुणांवरूनच दिसतं.

`H` मध्ये आणखी एक खूण करतो: जेमतेम पास झालेली मुलं, म्हणजे पास पण 40 टक्क्यांच्या खाली. 80 च्या पेपरात 27 ते 31.

```
=IF(G2=1,IF(E2<F2*0.4,1,0),0)
```

गोषवारा

दुसऱ्या शीटवर `A`, `B`, `C` मध्ये इयत्ता, तुकडी, विषय लिहा. त्यापुढे पट, पेपर दिलेले, पास, टक्केवारी आणि जेमतेम पास असे रकाने. क्रमाने `D2` ते `H2`:

```
=COUNTIFS(Marks!A:A,A2,Marks!B:B,B2,Marks!D:D,C2)
=COUNTIFS(Marks!A:A,A2,Marks!B:B,B2,Marks!D:D,C2,Marks!G:G,">=0")
=COUNTIFS(Marks!A:A,A2,Marks!B:B,B2,Marks!D:D,C2,Marks!G:G,1)
=IF(E2=0,"",F2/E2)
=COUNTIFS(Marks!A:A,A2,Marks!B:B,B2,Marks!D:D,C2,Marks!H:H,1)
```

`D` मधला पट हजेरीपटाशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर पुढे जाऊ नका. आणि पट व पेपर दिलेले यांतला फरक हेडमास्तरांना दिसू द्या. कच्ची मुलं पेपरच्या दिवशीच गैरहजर राहिली की टक्केवारी आपोआप सुंदर दिसते.

टक्केवाऱ्यांची सरासरी मात्र काढू नका. आमच्याकडे तिसऱ्या भाषेला कोणी कोंकणी घेतं, कोणी मराठी, त्यामुळे गट लहानमोठे होतात. अ तुकडीत मराठी घेणारी 30, पास 29, म्हणजे 96.7 टक्के. ब तुकडीत मराठीची फक्त 6, पास 3, म्हणजे 50 टक्के. दोघांची सरासरी 73.3 येते आणि मराठीच्या बाईंना उगाच बोलावणं जातं. खरा हिशेब 36 पैकी 32, म्हणजे 88.9 टक्के. पूर्ण इयत्तेची टक्केवारी हवी असेल तर `Marks` वर पिव्हट टेबल घ्या: ओळींत इयत्ता-तुकडी, स्तंभांत विषय, आणि किमतीत `G` ची `AVERAGE`. एक आणि शून्यांची सरासरी म्हणजेच पासाचं प्रमाण, त्यामुळे बेरजेची ओळसुद्धा बरोबर येते.

खूण कशाला लावायची

गोषवाऱ्याच्या शीटवर `I2` मध्ये:

```
=IF(E2<10,"लहान गट",IF(G2<0.7,"लाल",IF(H2/E2>1/3,"काठावर","")))
```

दहापेक्षा कमी मुलांच्या गटाला टक्केवारीवरून खूण लावत नाही. सहा मुलांत एक मूल म्हणजे जवळजवळ 17 टक्के. तिथे हजेरी क्रमांक बघून बोलावं. 70 ची मर्यादा आमची आहे. तुमच्या शाळेत बहुतेक विषय 95 च्या वर असतील तर ती वाढवा, नाहीतर पान कोरंच राहील.

"काठावर" ही खूण मला सगळ्यात कामाची वाटते. नववी अ च्या विज्ञानात 37 पैकी 33 पास, 89.2 टक्के. नुसता हा आकडा बघून कुणी थांबलं नसतं. पण त्या 33 पैकी 14 जण 27 ते 31 च्या मध्ये होते. पुढचा पेपर जरा कठीण निघाला असता तर तोच वर्ग 50 टक्क्यांवर आला असता.

लाल लागल्यावर

नववीचं गणित असं दिसलं:

अ: 38 पैकी 33, 86.8 टक्के
ब: 35 पैकी 22, 62.9 टक्के, लाल
क: 32 पैकी 28, 87.5 टक्के

तिन्ही तुकड्या लाल असत्या तर मी आधी प्रश्नपत्रिका काढून बघितली असती. इथे फक्त ब. मग ब तुकडीचे बाकीचे विषय बघितले, ते ठीक होते. म्हणजे मुलं एकूण कच्ची आहेत असंही नाही. प्रश्न ब आणि गणित यांच्या जोडीचा होता.

इथून पुढे शीट मदत करत नाही, उत्तरपत्रिका काढाव्या लागतात. अ आणि ब च्या सगळ्या पेपरांतले प्रश्नवार गुण आम्ही बसून एका दुपारी उतरवले. बीजगणिताच्या 20 गुणांच्या प्रश्नात अ ची सरासरी 12, ब ची 11. भूमितीच्या 16 गुणांच्या प्रश्नात अ 9.1 आणि ब 4.2. ब च्या कित्येक पेपरांत आकृती नीट काढलेली होती आणि खाली सिद्धता कोरी. कारण शीटमध्ये नव्हतं, हजेरी वहीत मिळालं: भूमितीचा भाग ज्या आठवड्यांत होता, त्यात चवथीची सुट्टी आली आणि त्याला लागूनच शिक्षकांची वैद्यकीय रजा. ब ला तो भाग दोन तासांत उरकला होता.

हेडमास्तरांच्या पानावर मी शिक्षकांचं नाव लिहिलं नाही, लिहीतही नाही. नाव दिसलं की पुढचं सगळं बोलणं त्या माणसावर जातं आणि भूमिती राहून जाते. वर पिव्हट टेबल, आणि खाली प्रत्येक खुणेला एकेक ओळ, बस. त्या वेळी ओळी अशा होत्या:

नववी ब, गणित: 35 पैकी 22 पास, गैरहजर 1. अडचण भूमितीच्या सिद्धतेत, बीजगणित ठीक. जादा तास फक्त या भागाचे.
नववी अ, विज्ञान: 37 पैकी 33 पास, त्यात 14 काठावर. प्रश्नवार गुण अजून पाहायचे आहेत.
नववी ब, मराठी: 6 मुलांचा गट, 3 नापास. क्रमांक शिक्षिकांकडे दिले.

पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि "ग्रेसपूर्वी, रेषा 27/80" असं लिहून ठेवतो. दुसऱ्या सत्रात हेच पान काढून शेजारी ठेवायचं असतं, आणि तोवर रेषा 26 होती की 27 हे कुणालाच आठवत नाही.