चिनी विद्यापीठाचा फी-तक्ता: ‘डिपॉझिट’ हा एकच शब्द फसवतो

चिनी भाषेतला फी-तक्ता फोटोवरून भाषांतर करून वाचायचा असेल, तर त्याचा फोटो समोरून, सरळ धरून काढा. तिरका असेल तर भाषांतर करताना रकाने सरकतात आणि एकाचा आकडा दुसऱ्यासमोर येतो. भाषांतर झाल्यावर प्रत्येक शीर्षक मूळ अक्षरांशी ताडून पाहा.

सर्वांत जास्त चूक ‘डिपॉझिट’ला होते. 押金 ही अनामत, म्हणजे खोली किंवा किल्ली नीट परत केल्यावर मिळणारी रक्कम. 定金 मात्र बयाणा आहे: प्रवेश तुम्हीच सोडलात तर चिनी कायद्यानुसार तो परत मागता येत नाही. भाषांतरात दोन्हींना ‘डिपॉझिट’च म्हटलेले दिसते, म्हणून पहिले अक्षर नीट मोठे करून वाचा.

मग 学费 म्हणजे शिकवणी शुल्क. आकड्याशेजारी 学年 असेल तर ते वर्षाचे, 学期 असेल तर सत्राचे; एका अक्षराने खर्च दुप्पट होतो. 报名费 ही अर्जाची फी, 一次性 म्हणजे एकदाच.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 学费 दरवर्षी 24,000 युआन, 报名费 500 आणि 押金 1,000 आहे. पहिल्या वर्षी हातात 25,500 हवेत. पण त्याला चारने गुणून 1,02,000 धरू नका. खरा खर्च 96,000 अधिक 500, म्हणजे 96,500. अनामतीचे 1,000 वेगळ्या ओळीत लिहा आणि त्यांची पावती शेवटपर्यंत जपा. वसतिगृहाचे भाडे, 住宿费, दरवर्षीचेच असेल तर ते शिकवणीच्या खाली स्वतंत्र मांडा.