एम्युलेटरमध्ये की-मॅपिंग करताना या चुका टाळा

संगणकावर एम्युलेटरच्या साहाय्याने मोबाइल गेम खेळताना कीबोर्डची कळ थेट गेमपर्यंत पोहोचत नाही. गेमला फक्त स्पर्श समजतो. त्यामुळे आपण कळ दाबताच एम्युलेटर पडद्यावरील ठरावीक जागी एक खोटे बोट टेकवतो आणि कळ सोडली की ते उचलतो. नेम चुकतो, बंदूक आपोआप बदलते, खेळाडू मध्येच थबकतो, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ हे बोट भलत्याच जागी पडण्यात असते, आणि तरीही बहुतेक जण पहिला हात घालतात तो सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांना. येथे ब्लूस्टॅक्स ५ आणि फ्री फायर मॅक्स ही जोडी समोर ठेवून लिहिले आहे. इतर एम्युलेटरमध्ये नावे वेगळी असली तरी यंत्रणा हीच असते.

पहिली चूक क्रमाची आहे. अनेक जण आधी कळा बसवतात आणि मग पडद्याचे रिझोल्यूशन किंवा गेममधील बटणांची मांडणी बदलतात. एम्युलेटर प्रत्येक कळेची जागा पडद्याच्या रुंदी-उंचीच्या टक्केवारीत साठवतो, त्यामुळे १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर गेल्यास काही बिघडत नाही, कारण दोन्हींचे प्रमाण एकच आहे. प्रमाण बदलले की मात्र घोटाळा होतो. समजा, गोळी झाडण्याचे बटण उजव्या कडेपासून २०० पिक्सेल आत आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्याचा मध्य १७२० वर, म्हणजे सुमारे ८९.६ टक्क्यांवर येतो. आता उंची तीच ठेवून २५६० रुंदीचा पडदा निवडला, तर गेम ते बटण कडेला धरूनच ठेवतो आणि ते २३६० वर जाते. कळ मात्र आपल्या ८९.६ टक्क्यांवर, म्हणजे २२९३ च्या आसपास राहते. हा ६७ पिक्सेलचा फरक लहान बटण पूर्णपणे चुकवण्यास पुरेसा आहे. गोळी कधी सुटते आणि कधी सुटत नाही, असे होत असेल तर बोट बटणाच्या अगदी काठावर पडत असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून आधी रिझोल्यूशन ठरवावे, मग गेममध्ये बटणांचा आकार आणि जागा कायम कराव्यात, आणि सर्वांत शेवटी कळा बसवाव्यात. आयती मॅपिंग फाइल दुसऱ्याकडून घेतली तर तिच्यासोबत त्याची बटणांची मांडणीही घ्यावी लागते. नुसती फाइल निरुपयोगी ठरते.

दुसरी चूक एम मोडची, म्हणजे माउसने नेम धरण्याच्या सोयीची आहे, आणि सर्वाधिक वेळ तिच्यातच वाया जातो. ब्लूस्टॅक्सच्या नियंत्रण-संपादकात Aim, pan and shoot नावाचे नियंत्रण असते. त्याच्या नावातील ‘एम’ वाचून अनेक जण त्याचे वर्तुळ पडद्याच्या मध्यभागी, नेमक्या निशाणीवर नेऊन ठेवतात. वास्तविक या वर्तुळाचा निशाणीशी काहीही संबंध नाही. एम मोड सुरू केला की माउसचा बाण अदृश्य होतो. माउस हलवताच एम्युलेटर या वर्तुळाच्या मध्यावर बोट टेकवून ते माउसच्या दिशेने ओढत नेतो, आणि गेम त्या ओढण्याला नजर फिरवणे समजतो. बोट फार लांब गेले की ते उचलून पुन्हा मूळ जागी टेकवावे लागते. याचाच अर्थ, खेळताना त्या एकाच जागी वारंवार स्पर्श होत असतो, हे खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

त्या जागी एखादे बटण असेल तर ते दाबले जाणारच. जमिनीवरील सामानाजवळ गेल्यावर उचलण्याची यादी नेमकी त्याच जागी उघडत असेल, तर वस्तू आपोआप उचलल्या जातात आणि चांगली बंदूक टाकून दुसरीच हाती येते. वर्तुळ डाव्या अर्ध्या भागात सरकले असेल, तर गेम त्या ओढण्याला जॉयस्टिक समजतो आणि माउस हलवताच खेळाडू चालू लागतो. योग्य जागा म्हणजे उजव्या अर्ध्या भागातील अशी मोकळी जागा, जिथे बटण नाही, यादी उघडत नाही आणि चारही बाजूंना बोट ओढण्यास वाव आहे. अशी जागा सापडत नसेल तर गेमच्या मांडणीत एखादे बटण बाजूला सारावे. वर्तुळ कडेला चेपून बसवण्यापेक्षा तो उपाय बरा. गोळी झाडण्याचे डाव्या क्लिकचे चिन्ह या वर्तुळापासून वेगळे असते. ते मात्र गेमच्या गोळीच्या बटणावर बरोबर मध्यभागी बसले पाहिजे.

बोट कुठे पडते याचा अंदाज करत बसण्याची गरज नाही. ब्लूस्टॅक्सच्या सेटिंगमध्ये Advanced विभागात Input debugging खाली स्पर्शाची खूण आणि त्याची जागा पडद्यावर दाखवण्याचे पर्याय आहेत. ते सुरू करून सराव मैदानात जावे, एकेक कळ दाबावी आणि मग माउस हळूहळू एका दिशेने सरकवत राहावा. रेघ कुठून निघते, कुठे तुटते आणि पुन्हा कुठून सुरू होते, हे स्पष्ट दिसते. नजर फिरवताना ठरावीक अंतरानंतर झटका बसत असेल आणि तो रेघ तुटण्याच्या क्षणीच बसत असेल, तर दोष बोट परत टेकवण्यात आहे हे सिद्ध होते. पाहून झाल्यावर हे पर्याय बंद करावेत, अन्यथा रेघांच्या जंजाळात शत्रू दिसायचा नाही.

यानंतरच सेन्सिटिव्हिटीकडे वळावे. माउसचा डीपीआय, एम्युलेटरमधील आडवी-उभी सेन्सिटिव्हिटी आणि गेममधील आकडा हे एकमेकांना गुणले जातात, म्हणून तिन्ही एकदम बदलल्यास कशाने काय झाले ते कळत नाही. एम्युलेटरमधील आकडा फार वाढवला की माउसच्या थोड्या हालचालीतही बोट लांब जाते, परत टेकवण्याची वेळ वारंवार येते आणि झटके वाढतात. तो मध्यम ठेवून वेग गेमच्या सेटिंगमधून वाढवणे मला अधिक खात्रीचे वाटते. तपासण्यासाठी टेबलावर पट्टी ठेवून माउस दहा सेंटिमीटर एकदा सावकाश आणि एकदा झपाट्याने सरकवावा. दोन्ही वेळी खेळाडू वेगवेगळ्या कोनांत वळला, तर माउस, विंडोज किंवा गेम यांपैकी कुठेतरी वेगानुसार गती वाढवण्याची सोय सुरू आहे, आणि ती बंद केल्याशिवाय आकडे जुळवण्यात अर्थ नाही.

चालण्याच्या W, A, S, D कळांचे वर्तुळही असेच फसवते. ते जॉयस्टिकपेक्षा लहान ठेवले तर बोट पुरेसे पुढे जात नाही आणि खेळाडू धावण्याऐवजी चालतो. फार मोठे ठेवले तर बोट धाव कायम करणाऱ्या भागापर्यंत पोहोचते आणि कळ सोडूनही खेळाडू धावत राहतो.

नकाशा किंवा बॅग उघडल्यावर बाण दिसत नसेल तर तो बिघाड नव्हे. एम मोड अजून सुरू असतो; मूळ मांडणीत F1 दाबल्यावर तो बंद होतो आणि पुन्हा दाबल्यावर सुरू होतो. F1 पर्यंत बोट नेणे गैरसोयीचे वाटल्यास माउसच्या बाजूचे एखादे बटण त्यासाठी नेमावे, मात्र तेच बटण दुसऱ्या कामाला दिलेले नाही याची खात्री करावी. बदल केल्यावर संपादकातून बाहेर पडण्याआधी ते जतन करावेत.

सगळे जागेवर असूनही W, A आणि उडीची कळ एकत्र दाबल्यावर उडी लागत नसेल, तर वेगळी जोडी, उदाहरणार्थ W आणि D सोबत उडी, दाबून पाहावी. एक जोडी चालते आणि दुसरी चालत नाही, असे दिसले तर तो स्वस्त कीबोर्डचा दोष असण्याचा संभव अधिक. ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्यास तो त्यांपैकी एक पाठवतच नाही. अशा वेळी उडी दुसऱ्या कळेवर हलवणे एवढाच इलाज आहे.